घंटेला सहा घोट

ताई, मी सहावीची वर्गशिक्षिका. या आठवड्यात उष्णतेच्या लाटेचा इशारा आलाय आणि सोमवारच्या परिपाठात ‘पाणी प्या, दुपारच्या उन्हात जाऊ नका’ यावर मी दहा मिनिटं बोलावं, असं मुख्याध्यापकांनी सांगितलंय. चार पानं लिहून झाली, पण वाचताना मलाच कंटाळा येतो. दर वर्षी असं भाषण होतं, मुलं टाळ्या वाजवतात आणि मधल्या सुट्टीत भर उन्हात धावतात. गेल्या वर्षी तर हेच भाषण चालू असताना दोन मुलींना भोवळ आली. काय बोलू म्हणजे मुलं खरंच पाणी पितील?
एक शिक्षिका

बाई, ती चार पानं कपाटात ठेवून द्या. दहा मिनिटं तर मुळीच बोलू नका. त्या दोन मुली पडल्या त्याला तुमचं भाषण जबाबदार नव्हतं, पण त्याची लांबी नक्की होती.

हे मी अनुभवानं सांगते. शाळांमध्ये मुलांची आरोग्य तपासणी करायला जायचे तेव्हा एका शाळेत मलाही उन्हाळ्यावर बोलायला उभं केलं होतं. मी छपराखाली होते, मुलं मोकळ्या मैदानात. घाम कसा येतो हे मी रंगात येऊन सांगत होते आणि तिसऱ्या रांगेतली एक मुलगी झाडाची फांदी मोडावी तशी पुढे कोसळली. हनुवटीला दोन टाके पडले. तिला ऊन लागलं असं सगळे म्हणाले, पण तिचं अंग तापलेलंही नव्हतं. ती सकाळी काही न खाता आली होती आणि वीस मिनिटं ‘सावधान’मध्ये उभी होती.

होतं असं की, हवा गरम असली की उष्णता बाहेर टाकायला शरीर कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतं. बरंचसं रक्त तिकडे जातं आणि उभं राहिल्यामुळे पायांत उतरतं. आपण चालतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि ते रक्त पंपासारखं वर ढकलतात. गुडघे ताठ करून स्तब्ध उभं राहिलं की हा पंप बंद. मेंदूला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मूल खाली जातं. आडवं केलं, पाय थोडे वर उचलले की बहुतेक वेळा मिनिटा-दोन मिनिटांत ते डोळे उघडतं. त्याला लगेच उभं करायची घाई मात्र करू नये, पुन्हा पडतं.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे परिपाठ सावलीत किंवा वर्गांतच घ्या, आणि मुलांना बसवून बोला. मैदानाशिवाय जागाच नसेल तर सूर्य मुलांच्या पाठीशी येईल अशा रांगा करा, तुमच्या पाठीशी नको. आणि तीन मिनिटांत संपवा.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते भाषणापेक्षा हीच जास्त मोलाची. सोमवारच्या आधी मुख्याध्यापकांकडे जा. मुलं पाणी का पीत नाहीत? पाणी चांगलं असतं हे माहीत नाही म्हणून नव्हे. ते त्यांना पहिलीपासून पाठ आहे. एकदा एका सातवीच्या वर्गात शाळा सुटताना मी सगळ्यांच्या बाटल्या बाकावर ठेवायला सांगितल्या. मुलांच्या बऱ्याचशा रिकाम्या होत्या. मुलींच्या बाटल्यांपैकी निम्म्याहून जास्त जवळजवळ भरलेल्या, जशा घरून आल्या तशाच. एकीला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, “पाणी प्यायलं की जावं लागतं.” कुठे, ते तिनं सांगितलं नाही. मी जाऊन पाहिलं. दाराला आतून कडी नव्हती, नळाला पाणी नव्हतं, आणि तासाला ‘बाहेर’ जायचं तर चाळीस जणांसमोर उभं राहून विचारावं लागायचं. अशा मुलीला तुम्ही कितीही ओघवत्या भाषेत सांगा, ती पाणी पिणार नाही. आणि तिच्या जागी असते तर मीही प्यायले नसते.

तेव्हा मुख्याध्यापकांकडून दोन गोष्टी मंजूर करून घ्या. लाट असेपर्यंत तास चालू असताना बाकावरची बाटली न विचारता उघडता येईल आणि स्वच्छतागृहात न विचारता जाता येईल, ही एक. दुसरी म्हणजे अकरानंतरचे खेळाचे तास वर्गात किंवा सावलीत. कड्या आणि नळ शनिवारीच बघून घ्या. हे झालं की तुमच्या भाषणाचा स्वभावच बदलतो. आतापर्यंत तो उपदेश होता, आता ती घोषणा होईल. मुलं उपदेशाच्या वेळी पायाच्या अंगठ्यानं माती उकरतात, पण नियम बदलला म्हटलं की शेवटच्या रांगेतलंही डोकं वर होतं.

आता पाण्याचं. ‘भरपूर पाणी प्या’ हे वाक्य चार पानांत मला न बघताच दिसतंय. भरपूर म्हणजे किती? मुलांना आकडा द्या, आणि तो लिटरमध्ये नको, घोटांमध्ये द्या. माझ्या दहा वर्षांच्या भाचीला मी अर्ध्या लिटरची बाटली नेहमीसारखी प्यायला सांगितली आणि घोट मोजले. सव्वीस झाले. म्हणजे तिचा एक घोट साधारण एकोणीस मिलिलिटरचा. तुम्ही तुमच्या वर्गातल्या दोन-तीन मुलांवर हाच प्रयोग करून बघा, आकडा थोडा इकडेतिकडे होईल. मी सहा घोट धरते. तासाची घंटा झाली की सहा घोट, म्हणजे साधारण एकशे पंधरा मिली. मधल्या सुट्टीपर्यंत चार घंटा झाल्या तर अर्धा लिटरची बाटली जवळजवळ संपते. सुट्टीत ती भरून घ्यायची आणि शाळा सुटेपर्यंत पुन्हा संपवायची. शाळेच्या वेळात लिटरभर झालं. या वयाच्या मुलाला साध्या हवेतसुद्धा दिवसभरात पेयांमधून दीड-पावणेदोन लिटर पाणी लागतं. लाटेच्या दिवसांत त्याहून जास्त लागणार, तेव्हा अर्ध्या दिवसात लिटरभर ही काही अतिशयोक्ती नाही.

घंटाच का? कारण तहान उशिरा लागते. वजनाच्या साधारण एक ते दोन टक्के पाणी अंगातून गेलं की मग तहान जाणवते. तीस किलोच्या मुलात हे तीनशे ते सहाशे मिली झालं, म्हणजे तुमच्या बाटलीतला अर्ध्याहून जास्त माल. त्यात मूल खेळात असलं की तहान लागलेलीही कळत नाही. घंटा मात्र सगळ्यांना ऐकू येते, आणि ती शाळेत आधीपासून आहे, विकत आणावी लागत नाही. खेळून आल्यावरची गोष्ट वेगळी. पी.टी.च्या बाईंकडे वजनकाटा असेल तर एकदा गंमत म्हणून एखाद्या मुलाला खेळाच्या आधी आणि नंतर घाम पुसून काट्यावर उभं करा. आधी तीस किलो आणि नंतर एकोणतीस किलो सातशे ग्रॅम भरला, तर ते तीनशे ग्रॅम म्हणजे तीनशे मिली पाणीच गेलं. मधे काही प्यायला असेल तर तेही त्यात धरायचं. एवढं भरून काढायला त्याला पंधरा-सोळा घोट हवेत, सहा नव्हेत. हे एकदा काट्यावर दिसलं की मुलं ते विसरत नाहीत.

एक धोकाही सांगते, कारण मुलं कशाचीही शर्यत करतात. कोण जास्त पितो अशी पैज लागू देऊ नका. थोड्या वेळात खूप पाणी पोटात गेलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, आणि फारच झालं तर गोंधळल्यासारखं होऊन झटकेही येतात. ही लक्षणं ऊन लागल्यासारखीच दिसतात, हीच पंचाईत. उन्हात राबणाऱ्या मोठ्या माणसांनाही तासाला दीड लिटरच्या आतच राहा असं सांगतात, मग मुलांचं तर बोलायलाच नको. मिठाचं म्हणाल तर वर्गात बसणाऱ्या, दोन वेळा नीट जेवणाऱ्या मुलाला पाण्यात वेगळं मीठ घालायची गरज नसते. अंदाजानं केलेलं खारट पाणी तर नकोच. जुलाब-उलट्या होत असतील किंवा खूप घाम येऊन पोटऱ्यांत गोळे येत असतील तर क्षारसंजीवनीचं तयार पाकीट आणा आणि त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ते कालवा. अर्ध्या पेल्यात पूर्ण पाकीट ओतलं तर फायद्यापेक्षा तोटाच होतो.

पाणी पुरतंय का हे मुलांना स्वतःला तपासता येतं. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद पिवळी, आणि सकाळपासून एकदाच झालेली असेल तर कमी पडतंय. हे परिपाठात बोलायला तुम्हाला संकोच वाटेल. मलाही वाटायचा. पण एकदा सरळ आवाजात बोललं की दहा सेकंद खुसखुस होते आणि मग सगळ्यांना तेवढंच लक्षात राहतं. जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेणाऱ्याचा रंग पाणी पुरेसं असूनही गडद असू शकतो, पण हे भाषणात सांगत बसू नका, कुणी विचारलं तर सांगा.

आता दुपारच्या उन्हाकडे येऊ. तुमच्या मुख्याध्यापकांचा विषय ‘दुपारचं ऊन’ आहे आणि मुलांच्या मनात दुपार म्हणजे बारा. एक वाजला, दीड वाजला की त्यांना वाटतं आता उतरायला लागलं. सूर्याच्या बाबतीत ते खरं आहे, तो बाराच्या आसपास सगळ्यात उंच असतो. पण हवा सगळ्यात तापते ती त्यानंतर दोन-तीन तासांनी. जमीन, भिंती आणि रस्ते दुपारनंतरही जेवढी उष्णता बाहेर टाकतात त्याहून जास्त घेत असतात, म्हणून हवा तापतच राहते. चुलीवरचं भांडं आच थोडी कमी केल्यावरही काही वेळ तापत राहतं, तसं. म्हणजे अनेक शाळा सुटतात त्या वेळी मुलं दिवसातल्या सगळ्यात तापलेल्या हवेत घरी निघतात, आणि त्यांचा समज असतो की धोक्याची वेळ टळली. तुमच्या भाषणात एकच नवी माहिती द्यायची असेल तर ही द्या.

सावलीची युक्ती मुलांना आवडते. स्वतःची सावली स्वतःपेक्षा आखूड दिसली की ऊन कडक समजायचं. सूर्य अर्ध्या आकाशाच्या वर असल्याची ती खूण आहे. पण ती उन्हाच्या तिरिपेची खूण आहे, हवेच्या उष्णतेची नाही. चार वाजता सावली लांब झालेली असेल आणि हवा मात्र भट्टीसारखी. म्हणून मी सावलीसोबत घड्याळही सांगते. अकरा ते चार मैदान बंद, आणि सावली आखूड असेल तर अकराच्या आधीही सावलीतच.

आणि एक. इशाऱ्यात तापमानाचा जो आकडा असतो तो सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, फटी असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, हवा खेळती राहील असा ठेवलेला असतो. त्यावर ऊन पडत नाही. तेव्हा आकडा चाळीस असेल तर उन्हात उभ्या असलेल्या मुलाला बसणारी झळ त्याहून कितीतरी जास्त असते, आणि डांबरी रस्ता अशा दिवशी साठ अंशांच्याही वर जाऊ शकतो. बुटका सहावीतला मुलगा त्या रस्त्याच्या तुमच्या-माझ्यापेक्षा जवळ असतो. शिवाय कातडी साधारण पस्तीस अंशांची असते. हवा त्याहून गरम झाली की वारा अंगाला थंड करत नाही, उलट उष्णता देतो. मग घाम सुकणं हा एकच मार्ग उरतो, आणि घामाला लागणारं पाणी त्या बाटलीतूनच येतं. घाम थंड करतो तो सुकताना. टपकून खाली पडलेला थेंब काही कामाचा नाही. हवेत दमटपणा असेल तर घाम सुकत नाही, म्हणून आकडा कमी असूनही दमट दिवस जास्त त्रास देतो. अशा दिवशी नुसतं पाणी पिऊन भागत नाही, धावणंच थांबवायला हवं.

आता भाषण. मी सलग लिहून देते. सावकाश, मधे थांबत वाचलंत तरी तीन मिनिटांत होईल. सुरुवातीला बाटली हातात घ्या आणि पहिलं वाक्य बोलायच्या आधी तिच्यातून सहा घोट खरंच प्या, घाई न करता. दोनशे मुलं गप्प होतील, कारण माईकसमोर उभ्या असलेल्या बाईंना पाणी पिताना त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

“मुलांनो, मी आत्ता किती घोट प्यायले, कुणी मोजले? सहा. आजपासून शाळेत प्रत्येक घंटेला सगळ्यांनी सहा घोट प्यायचेत. मीही पिणार आहे. तास चालू असला तरी चालेल. विचारायचं नाही, हात वर करायचा नाही. बाटली उघडायची आणि प्यायचं.

पाणी प्यायलं की बाहेर जावं लागतं, हे आम्हालाही माहीत आहे. म्हणून दुसरा नियम. लाट संपेपर्यंत स्वच्छतागृहात जायला परवानगी लागणार नाही. उठायचं, जायचं, यायचं. कुणीही कुणाला हसायचं नाही. कड्या आणि नळ आम्ही बघून घेतलेत. काही बिघडलं तर मला येऊन सांगा.

मधल्या सुट्टीपर्यंत बाटली रिकामी झाली पाहिजे. मग ती भरून घ्या. आपली लघवी गडद पिवळी दिसली, तर पाणी कमी पडतंय. हसून झालं? आता लक्षात ठेवा.

तिसरा नियम. अकरापासून चारपर्यंत मैदान बंद. तुम्हाला वाटेल बारा वाजून गेले की ऊन उतरतं. नाही. हवा सगळ्यात जास्त तापते दोन ते चारच्या दरम्यान. शाळा सुटल्यावर रेंगाळू नका. निघायच्या आधी सहा घोट प्या, डोक्यावर टोपी किंवा ओला रुमाल घ्या, सावलीच्या बाजूनं चला आणि सरळ घरी जा.

शेवटचं. आज प्रत्येकाला एक जोडीदार आहे, तो म्हणजे तुमच्या बाकावरचा शेजारी. त्याला चक्कर आली, डोकं दुखलं, मळमळलं, तर त्याला सावलीत बसवा आणि कुणातरी मोठ्या माणसाला हाक मारा. तो काहीतरीच बोलायला लागला, ओळखेनासा झाला, चालताना झोकांड्या जायला लागला, तर जोरात ओरडा. तुम्हाला कुणी रागावणार नाही. आता आपल्या बाटल्या उघडा. एक, दोन, तीन…”

आणि सहापर्यंत मोजा. परिपाठ तिथेच संपवा. टाळ्या नकोत, त्यांच्या हातांत बाटल्या असतील.

तुम्ही म्हणाल, यात माहिती कुठे आहे? वर मी तुम्हाला जे एवढं सांगितलं त्यातलं नव्वद टक्के भाषणात नाही, आणि ते मुद्दाम. ते तुमच्यासाठी आहे, मुलांनी प्रश्न विचारले तर. ‘घाम टपकला तर उपयोग नाही’ हे विज्ञानाच्या तासाला सांगा, तिथे ते रंगतं. परिपाठात मुलाच्या डोक्यात तीन नियम आणि एक जोडीदार यापलीकडे काही मावत नाही.

जोडीदाराचं वाक्य मात्र कापू नका. ऊन बाधणं आणि उष्माघात यांतला फरक अनेकदा आधी वागण्यात दिसतो, अंगाला हात लावून तो नेहमी कळतोच असं नाही. नुसतं ऊन बाधलेलं मूल घामाघूम असतं, फिकट पडतं, चक्कर येते, ओकारी होते, पण तुम्ही नाव विचारलं तर नीट सांगतं. त्याला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, थोडं थोडं पाणी द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर डॉक्टरांकडे न्या. उष्माघातात शरीराचं आतलं तापमान चाळीस अंशांवर जातं आणि मेंदू बिघडतो. मूल चिडतं, बरळतं, शुद्ध हरपते, झटके येतात. अंग कोरडं असतं असं आपण शाळेत शिकलो, पण खेळून पडलेलं मूल घामानं निथळत असतानाही त्याला उष्माघात झालेला असू शकतो. तेव्हा कोरड्या कातडीची वाट बघू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबून राहू नका, बादल्यांनी गार पाणी ओता, मानेला, काखांत आणि जांघांत बर्फ किंवा ओले कपडे ठेवा, पंखा लावा. आधी थंड करणं, मग नेणं. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही देऊ नका. हा ताप जंतूंचा नसतो, त्यामुळे ती गोळी इथे काही करत नाही. सोमवारी दोन बादल्या पाणी आणि एक जुनी चादर परिपाठाच्या जागेजवळ ठेवा, एवढी तयारी पुरते.

दमा, मधुमेह, सिकल सेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेली मुलं कोण आहेत ते वर्गशिक्षकांना माहीत असतंच. त्यांच्या पालकांना आधीच फोन करा, कारण त्यातल्या काहींना पाण्याचं माप डॉक्टरांनी वेगळं सांगितलेलं असतं आणि तिथे माझे सहा घोट लागू होत नाहीत. लाट सुरू व्हायच्या आठवडाभर आधी आजारी पडून घरी असलेलं किंवा थंड गावाहून नुकतं आलेलं मूलही नाजूकच समजा. अंगाला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि मुलांना थोडा जास्तच वेळ.

आणि सोमवारी सकाळी परिपाठाच्या आधी पिण्याच्या नळाखाली हात धरून बघा. गच्चीवरची टाकी दिवसभर तापलेली असते. सकाळी ठीक वाटणारं पाणी मधल्या सुट्टीपर्यंत आंघोळीच्या पाण्याइतकं गरम होतं, आणि तसं पाणी कुणीच पीत नाही. माणसं पाणी थोडं गार असलं तरच मनापासून पितात. म्हणून सुट्टीच्या वेळी पुन्हा एकदा हात धरून बघा. गरम लागलं तर वर्गाच्या दाराशी सावलीत झाकलेला माठ किंवा पिंप भरून ठेवा आणि मुलांना बाटल्या तिथूनच भरायला लावा. शाळा सुटताना सगळ्यांना बाटल्या बाकावर उलट्या करायला सांगा. ज्या बाकावर ओघळ दिसेल, त्या मुलाशी किंवा मुलीशी मंगळवारी तुम्ही एकट्यानं बोलायचंय.